एक शेड फिरवून निघाली, दुसरी एका स्क्रूने अडवून धरली होती

आमच्या घरात छताला दोन दुधी काचेच्या गोल शेडा आहेत. एक बैठकीत, एक देवघराकडे जाणाऱ्या बोळात. खालून पाहिलं तर दोन्ही अगदी जुळ्या वाटतात. पांढरी घुमटासारखी काच आणि तिच्याभोवती पितळी रंगाची पत्र्याची कड. कुठेही स्क्रू दिसत नाही, कडी नाही, मधोमध नटही नाही. या वर्षी महालक्ष्म्यांच्या आधी दोन्ही मी स्वतः उतरवल्या. पहिली उतरवायला अर्धा तास लागला, दुसरीला सबंध दुपार गेली. कारण एकच, दोन्ही दिसायला सारख्या म्हणून त्या निघतीलही सारख्याच, असं मी धरून चालले होते.

घर औशाचं. किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ ला. त्या वेळी आमच्याकडे जुनं माळवदाचं घर होतं. डोक्यावर मातीचा भार नको म्हणून मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पुढच्या चार वर्षांत पैसा जमवून स्लॅबचं घर बांधलं. या शेडा त्यांनी तेव्हाच लातूरहून आणल्या, पण एकाच खेपेला नाही. बैठकीतली वास्तुशांतीच्या आधी आणली आणि बोळातली दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या दुकानातून, पहिलीला जोडीची म्हणून. हे मला काम संपल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर दुपार वाचली असती.

पावसाळ्यात आमच्याकडे दिव्यावर पाखरं किती येतात ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. आषाढ-श्रावणात ती फटीतून शेडमध्ये शिरतात आणि तिथेच मरतात. बैठकीतल्या काचेचा तळ इतका काळा झाला होता की दिवा लावला तरी खाली मधोमध सावलीचा गोल पडायचा. बोळातला बल्ब तर गेलाच होता. सणाच्या तोंडावर वायरमनला सवड नव्हती. पुतण्या बारावीला आहे, त्याला हाताशी घेतलं आणि सुरुवात केली.

आधी लाईट बंद करण्याचं सांगते, कारण इथेच आमची मोठी चूक होता होता राहिली. पुतण्याने मीटरजवळचा मेन स्विच पाडला. पंखे थांबले, फ्रिज थांबला. मी घोडीवर पाय ठेवणार तेवढ्यात म्हटलं, एकदा बटण दाबून बघावं. बैठकीचं बटण दाबलं आणि दिवा लागला. आमच्याकडे लोडशेडिंगमुळे इन्व्हर्टर आहे आणि बैठक, बोळ, स्वयंपाकघर यांचे दिवे त्याच्यावर आहेत. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, आणि तो लगेच बॅटरीवरून दिवे चालू करतो. बरं, नुसतं इन्व्हर्टरचं बटण बंद करूनही भागत नाही. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरमध्ये समोरचं बटण बंद केलं की फक्त बॅटरी तुटते. बाहेरची लाईट असेल तर ती त्याच्यातून तशीच पुढे जाते. म्हणून मेनही बंद पाहिजे आणि इन्व्हर्टरही बंद पाहिजे. दोन्ही बंद करून पुन्हा भिंतीवरचं बटण दाबलं, दिवा लागला नाही, तेव्हा कुठे मी वर चढले.

नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून काम का करू नये, तेही सांगते. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं असतं. दिवा विझतो, पण होल्डरमध्ये करंट तसाच उभा असतो. आमच्या स्वयंपाकघरात असं एकदा निघालं होतं. टेस्टर वापरायचा तर लाईट सुरू असताना आधी एखाद्या चालू सॉकेटमध्ये लावून तो पेटतो का ते बघायचं, आणि मगच त्याच्यावर विश्वास ठेवायचा. लाकडी स्टुलावर उभं राहिलं की टेस्टरचा दिवा इतका मंद लागतो की दिवसा उजेडात दिसतही नाही.

आता घोडीची उंची. स्टुलावर उभं राहून हात ताणून शेड धरता येते, पण असं केलं की काच डोळ्यांच्या वर राहते आणि कड दिसत नाही. जे बघायचं असतं ते सगळं त्या कडेत, काच आणि पत्रा भेटतात त्या फटीत असतं. म्हणून मी शेजारून पाच फुटी घोडी आणली. तिच्यावर चढल्यावर फट माझ्या डोळ्यांसमोर आली. पुतण्याला समोर स्टुलावर उभं केलं, दोन्ही तळवे काचेच्या खाली, पण टेकवायचे नाहीत, बोटभर अंतर ठेवायचं. खाली फरशीवर गादी, तिच्यावर जुनी चादर. मला चष्मा आहेच, त्याच्या डोळ्यांवर त्याचा गाडीचा गॉगल लावला. काच निघाली की फटीतून आधी धूळ आणि मेलेली पाखरं तोंडावर येतात, हे नंतर दोघांनाही अनुभवाला आलं.

काचेला हात लावायच्या आधी ती कुठे तडकली आहे का ते बघितलं. मोबाईलची बॅटरी एका बाजूने तिरकी मारली की केसाएवढी चीरही चकाकते. आमच्या काचेला चीर नव्हती. असती तर मी आधी तिच्यावर रुंद पॅकिंग टेप आडवी-उभी लावून घेतली असती, म्हणजे फुटलीच तर तुकडे टेपलाच धरून राहतात.

बैठकीतल्या शेडबद्दल मामांना एवढंच आठवत होतं.

“ती फिरवून निघते बघ. बल्बवाणी.”

बल्बवाणी हा शब्द मला फार उपयोगी पडला. आपल्याकडचा पिनचा बल्ब सगळ्यांनी काढलेला असतो. आधी होल्डरमध्ये वर दाबायचा, मग उलट्या हाताला जरासा फिरवायचा, मग तो खाली येतो. वर दाबल्याशिवाय तो फिरत नाही, कारण त्याच्या पिना खाचेच्या टोकाला खोलगट जागेत बसलेल्या असतात आणि आतली स्प्रिंग त्यांना तिथे दाबून धरते. या शेडचीही रचना तीच आहे. काचेच्या वरच्या काठाला तीन जागी काच जराशी बाहेर आलेली, उंचवट्यासारखी. छताला ठोकलेल्या पत्र्याच्या ताटलीला आतून तीन जिभा. उंचवटे दोन जिभांच्या मधल्या मोकळ्या जागेतून वर जातात, काच थोडी फिरवली की ते जिभांवर येऊन बसतात. काच खाली येऊ पाहते आणि जीभ तिला अडवते. फिरवायचं अंतर थोडंच असतं, आमच्या शेडला काठावर मोजलं तर जेमतेम तीन बोटं.

मी दोन्ही तळवे काचेच्या समोरासमोरच्या बाजूंना लावले आणि खालून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवलं. काही हललं नाही. तळवे काचेवरून घसरले. धुळीचा आणि स्वयंपाकघरातल्या तेलकट वाफेचा थर गुळगुळीत असतो. ओल्या कापडाने काच बाहेरून पुसली, कोरडी केली आणि भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले. मोजे कोरडेच हवेत. त्याने पकड इतकी वाढते की मनगटावर जोर न देता पूर्ण कोपरापासून फिरवता येतं.

तरीही ती हलेना. तेव्हा फटीत बॅटरी मारली आणि कारण दिसलं. दोन वर्षांपूर्वी घराला रंग दिला, तेव्हा रंगाऱ्याने शेड न काढता तिच्या कडेपर्यंत ब्रश फिरवला होता. ऑइल पेंटची एक पातळ पट्टी काच आणि पत्रा यांच्यावरून सलग गेली होती. वाळलेला रंग म्हणजे गोंदच. नवं ब्लेड घेतलं, एका बाजूला टेप गुंडाळली आणि फटीवरून गोलाकार फिरवत रंगाची रेघ कापत गेले. ब्लेड पत्र्याला लावून चालवायचं, काचेवर टेकवायचं नाही. पेचकसाचं टोक फटीत घालून उचकटायचा मोह इथे होतो, पण ते अजिबात करू नये. काचेचा काठ हा तिचा सगळ्यात कच्चा भाग असतो. एका बिंदूवर लोखंडाचा दाब आला की टवका उडतो, आणि त्या टवक्यापासून चीर पुढे धावते.

रंग कापल्यावर पुन्हा तळवे लावले. या वेळी आधी उलट्या हाताला न फिरवता जरासं सरळ हाताला, म्हणजे घट्ट करायच्या दिशेला ढकललं. धुळीने धरलेली वस्तू पहिल्यांदा कोणत्या का बाजूला होईना, हलणं महत्त्वाचं असतं. कर्र असा आवाज आला आणि केसभर सरकली. मग उलटी, परत सरळ, परत उलटी. चार-पाच वेळा असं केल्यावर ती बोटभर इकडे-तिकडे हलू लागली, पण दोन्हीकडे कुठेतरी जाऊन ठक्क अडत होती. दोन्ही बाजूंना अडते म्हणजे आतमध्ये खाच आहे, आणि खाच आहे म्हणजे वर दाबलं पाहिजे. दोन्ही तळव्यांनी सारखंच वर दाबलं. एका बाजूने जास्त दाबलं तर काच तिरकी होते आणि उंचवटा जिभेखाली अडकतो. आत फेल्टची जाड पट्टी होती, ती दबली, काच दोन-तीन मिलिमीटर वर गेली. तशीच वर धरून फिरवली, आणि ठक्क न होता ती पुढे सरकली. पुढच्या क्षणी सगळं वजन माझ्या तळव्यांवर आलं.

“आली काकू, आली!” पुतण्याने खालून धरली.

पाखरांचा, धुळीचा आणि एका वाळलेल्या पालीचा पाऊस दोघांवर पडला. नंतर काच भाजीच्या काट्यावर ठेवली, सव्वा किलो भरली. हे वजन हात ताणून, मान वर करून एकट्याने अचानक अंगावर घेणं सोपं नाही. दुसरं माणूस असावं असं मी सांगते ते त्या एका क्षणासाठी.

या उत्साहात मी लगेच घोडी बोळात नेली. तीच घोडी, तेच मोजे, तळवे समोरासमोर, वर दाब, उलट्या हाताला फिरव. ही शेड हलली, आणि सहज हलली. मला वाटलं, ही तर सोपी निघाली. पण फिरवत गेले, फिरवत गेले, ती कुठे अडेचना. पूर्ण एक फेरा झाला, मग दीड फेरा. आतून वाळू दळल्यासारखा आवाज येत होता, पण काच खाली येण्याचं नाव नाही.

इथे थांबले ते चांगलं झालं. शेड गोल फिरते पण खाली येत नाही, याची तीन कारणं असू शकतात आणि तिन्ही वेगळी आहेत. एक, काचेच्या गळ्यालाच बरणीच्या झाकणासारखे आटे असतील, तर ती प्रत्येक फेऱ्याला थोडी खाली येईल. हे तपासायला मी काचेवर आणि पत्र्यावर समोरासमोर टेपचे छोटे तुकडे लावले आणि एक पूर्ण फेरा दिला. तुकडे परत समोरासमोर आले, फट मात्र होती तेवढीच. म्हणजे आटे नाहीत. दुसरं कारण धोक्याचं. काचेबरोबर छतावरची सबंध ताटलीच फिरत असेल, तर फिरवणं तिथेच बंद करायचं. ताटली ज्या स्क्रूंनी छताला आहे ते ढिले झालेले असतात, आणि आपण आतल्या वायरींना पीळ देत असतो. जुन्या घरांत स्लॅबमध्ये लाकडी गिट्ट्या ठोकून त्यात स्क्रू मारलेले असतात, त्या गिट्ट्या वाळून सैल होतात. पुतण्याला म्हटलं ताटलीवर आणि छतावर पेन्सिलने एक सलग रेघ मार. परत फिरवलं, रेघ जोडलेलीच राहिली. ताटली पक्की होती. उरलं तिसरं कारण. काच खाचेवर नाही, तिच्या गळ्याखाली बाजूने आलेल्या स्क्रूंच्या टोकांवर बसली आहे. काच सैल असली की त्या टोकांवर ती चाकासारखी फिरते, हजार फेरे दिले तरी खाली येत नाही, उलट गळा घासला जातो.

पण स्क्रू कुठे? पितळी कडेला बोट फिरवलं तर एकमेकांपासून सारख्या अंतरावर तीन ठिपके लागले, मसुराच्या डाळीएवढे. तिन्हींवर रंगाचा थर. मी आधी ते रिव्हेट समजून सोडून दिले होते. समोरचा ठिपका नखाने खरवडला, खाली गुळगुळीत गोल डोकं निघालं, रिव्हेटच. दुसराही तसाच. तिसरा भिंतीच्या बाजूला होता, आणि बोळातला हा दिवा भिंतीपासून चार-पाच बोटांवर आहे, तिथे डोकं घालून बघता येत नाही. मोबाईल आडवा धरून फटीत सारला, बॅटरी चालू ठेवून अंदाजाने चार-पाच फोटो काढले. एका फोटोत स्पष्ट दिसलं. तिसऱ्या ठिपक्यावर रंगाखाली आडवी खाच होती. तो स्क्रू होता.

नंतर आत पाहिल्यावर रचना समजली. दोन रिव्हेटांच्या आतल्या बाजूला पक्क्या वाकवलेल्या पट्ट्या आहेत, काचेच्या गळ्याची बाहेर आलेली कड त्या दोघींवर टेकते. तिसऱ्या जागी पट्टीऐवजी स्क्रूचं टोक आत येतं. म्हणजे सैल करायचा तो एकटाच. अशी शेड बसवणारा शहाणा माणूस स्क्रू भिंतीकडे ठेवतो, म्हणजे खोलीतून तो दिसत नाही. दिसण्यासाठी ते बरोबर आहे, पण पंचवीस वर्षांनी काढणाऱ्याचं अवघड होतं. तीन सुटे स्क्रू असलेल्या शेडाही असतात, त्यांची डोकी गोल, दातेरी, बोटाने फिरवता येतील अशी असतात आणि बहुतेक खालून दिसतात. आमची ती जात नव्हती.

आता चार बोटांच्या जागेत पेचकस कसा चालवायचा हा प्रश्न. घरातला पेचकस वीतभर लांब, तो भिंतीला अडतो. तेव्हा आत्यांच्या शिलाई मशीनचा डबा आठवला. मशीनबरोबर येतो तो ठेंगणा पेचकस, दोन बोटांत मावणारा. त्याच डब्यात मशीनचं तेलही होतं. आधी दाभणाच्या टोकाने स्क्रूच्या खाचेतला रंग पूर्ण उकरून काढला. हे नीट केलं नाही तर पेचकस खाचेत पूर्ण बसत नाही, वर वर फिरतो आणि खाच चेपून जाते. एकदा खाच गेली की तो स्क्रू त्या जागेत कशानेही निघत नाही. मग कान साफ करायच्या कापसाच्या काडीला तेल लावून स्क्रूच्या बुडाशी टेकवलं, नुसता एक थेंब. घासलेट टाक असं मामा म्हणाले होते, पण दिव्याच्या वायरीजवळ पेट घेणारं काही मला नको होतं. तेलाला तासभर वेळ दिला. तेवढ्यात बैठकीची काच धुऊन घेतली.

तासाभराने पेचकस लावला आणि पहिल्यांदा घट्ट करायच्या दिशेने अगदी किंचित रेटलं. गंज तुटल्याचा टच्च आवाज बोटांना जाणवला. मग सैल. इथे पुतण्याने खालून दोन्ही तळवे काचेला टेकवले होते, कारण आता कोणत्याही फेऱ्याला वजन सुटू शकतं. एक, दोन, तीन असे मी मोठ्याने फेरे मोजत होते. हा स्क्रू पूर्ण बाहेर काढायचा नाही. तो खाली पडला तर सापडत नाही, आणि सापडला तरी त्या अडचणीच्या जागेत परत आट्यात बसवणं फार किचकट. टोक पत्र्याच्या आतल्या बाजूला बरोबरीत येईपर्यंत मागे घेतलं की पुरे. साडेसहा फेऱ्यांनंतर भिंतीकडची काच आपोआप बोटभर खाली झुकली.

“आता ओढू का?”

“ओढू नको. नुसती धरून ठेव.”

दोन पट्ट्यांवर काच अजून टेकलेलीच होती. ती सरळ खाली ओढली तर गळ्याची कड पट्ट्यांत अडकून टवका उडतो. झुकलेली बाजू खाली ठेवूनच काच भिंतीच्या दिशेला सरकवावी लागते, म्हणजे पलीकडची कड पट्ट्यांवरून निसटते. भिंत जवळ असल्याने जागा कमी होती, पण लागतं तेही बोटभरच. काच सरकली आणि उतरली. पुतण्याच्या हातात ती आली तेव्हा पाच वाजून गेले होते.

धुताना एक काळजी घेतली. परातीत टॉवेल अंथरून त्यात काच ठेवली आणि पाणी कोमटच घेतलं, कारण थंड काचेवर कढत पाणी टाकलं की ती तडकते. पाखरांचा तेलकट थर साध्या भांड्याच्या साबणाने दहा मिनिटांत सुटला. घासणी वापरली नाही, हातानेच. धुतल्यावर दोन्ही काचा उलट्या ठेवून रात्रभर वाळू दिल्या. गळ्याच्या पन्हाळीत पाणी साठून राहतं आणि ते वर चढवल्यावर होल्डरवर ओघळू शकतं.

दुसऱ्या दिवशी बसवल्या. बैठकीच्या शेडला मी काढतानाच, उंचवटा मोकळ्या जागेतून बाहेर आला त्या ठिकाणी पत्र्यावर पेन्सिलने खूण केली होती. त्या खुणेवर उंचवटा आणला, वर दाबलं, सरळ हाताला फिरवलं, ठक्क झालं. मग हात एकदम सोडले नाहीत. तळवे बोटभर खाली आणून तसेच ठेवले, दहा श्वास मोजले, काच जागची हलली नाही तेव्हाच खाली उतरले.

बोळातल्या शेडला स्क्रूचं टोक थेट काचेला लागत होतं. त्या जागी काचेवर पांढरट ओरखडा पडलेला दिसला, तो मी दिलेल्या दीड फेऱ्याचाही असेल. सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्ह ट्यूब आणली, तिचा नखाएवढा तुकडा कापून स्क्रूच्या टोकावर चढवला. आता लोखंडाऐवजी रबर काचेला टेकतं. स्क्रू बोटाच्या ताकदीने टेकेपर्यंत आवळला आणि पाव फेरा परत मागे घेतला. काच किंचित हलते, हलायलाच पाहिजे. दिवा तापला की पत्रा आणि काच वेगवेगळ्या मापाने फुगतात. स्क्रू कचकचून आवळलेला असेल तर त्या दाबाने काच त्याच बिंदूपासून तडकते. पूर्वी आत साठ वॅटचा बल्ब असायचा, आता नऊ वॅटचा एलईडी आहे. उष्णता पुष्कळ कमी झाली, तरी बंद शेडमध्ये ती साठतेच.

मेन आणि इन्व्हर्टर चालू करायच्या आधी मी एक काम केलं. दोन्ही ताटल्यांच्या कडेवर, खालून दिसणार नाही अशा वरच्या बाजूला, पक्क्या मार्करने लिहिलं. बैठकीत, “वर दाबून डावीकडे.” बोळात, “एकच स्क्रू, भिंतीकडचा, साडेसहा फेरे.” मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “बाहेरच्या ओसरीत अजून एक आहे की.”

ती तिसरी मी बघून आले आहे. तिच्या कडेला बाहेरून तीन दातेरी डोकी आहेत, पण काचेला एका बाजूने वीतभर चीर गेलेली आहे. टेप आणून ठेवली आहे. येत्या रविवारी, पुतण्याला सुट्टी आहे तेव्हा.